फोटोतला बीम आणि न जुळणारं उत्तर

हे प्रकरण इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षातल्या मेकॅनिक्सचं आहे. कोल्हापुरातल्या एका कॉलेजमधली विद्यार्थिनी त्या दिवशी तासाला नव्हती, म्हणून गणित तिच्याकडे आलं ते वर्गमित्राच्या वहीच्या फोटोतून. तो जयसिंगपूरहून ये-जा करणारा. गाडीची वेळ झालेली, म्हणून वही बाकावरच उघडी ठेवून त्याने बसल्या जागेवरून फोटो काढला आणि पाठवून दिला. फोटोत वरच्या बाजूला बीमची आकृती होती आणि पानाच्या तळाशी पेन्सिलने लिहिलेलं उत्तर, म्हणजे दोन टोकांचे आधार बीमला वर किती किलोन्यूटनने उचलून धरतात त्या रिअ‍ॅक्शन: R_A = २१.७७, R_B = १९.५५. सोडवण्याची रीत नव्हती, कारण सरांनी गणित घरी करून आणायला सांगितलं होतं आणि ताळ्यासाठी फक्त उत्तर दिलं होतं.

तिचं उत्तर आलं २३.३३ आणि १०.६७. संध्याकाळी राजारामपुरीत माझ्याकडे शिकवणीला आली तेव्हा तिची तक्रार तयार होती. "सर, दोनदा सोडवलं. दुसऱ्या टोकाकडून मोमेंट घेऊन ताळाही घेतला, बरोबर शून्य आलं. तरी उत्तर जुळंना झालंय. दिलेलं उत्तरच चुकलं असंल."

तिचा ताळा खरोखर बिनचूक होता. आकडेमोडीत एक अंशही इकडचा तिकडे झाला नव्हता. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटतं. समतोलाची समीकरणं आकडेमोड तपासतात. आकृती आपण कशी वाचली, हे ती तपासत नाहीत.

फोटोत काय दिसत होतं

मी तिची वही बाजूला ठेवायला सांगितली आणि फोटो मोठा करून एकेक गोष्ट तोंडाने सांगायला लावली. बीम A ते B. डाव्या टोकाला, A ला, नुसता त्रिकोण, म्हणजे हिंज. उजव्या टोकाला, B ला, त्रिकोणाखाली दोन छोटी वर्तुळं, म्हणजे रोलर. खाली मापांची साखळी: ३ मी., १ मी., १ मी. आणि शेवटचं माप फोटोच्या कडेला अर्धं कापलेलं. त्याखाली एकूण लांबी ६ मी. स्वच्छ दिसत होती, त्यामुळे कापलेलं माप १ मी. असणार हे वजाबाकीने ठरलं. माप अशा रीतीने दोन ठिकाणांहून मिळत असेल तर दोन्ही ताडून पाहावं. साखळीची बेरीज एकूण लांबीएवढी येत नसेल तर पुढचं काहीही करण्यात अर्थ नसतो.

A पासून पहिल्या ३ मीटरवर एकसारखा पसरलेला भार, म्हणजे आपण ज्याला यूडीएल म्हणतो तो, ८ kN/m. A पासून ४ मीटरवर २० किलोन्यूटनचा एक तिरपा भार. वरून खाली येणारा बाण डावीकडे झुकलेला आणि शेजारी ६०° लिहिलेलं. ५ मीटरवर गोल वळलेला बाण, शेजारी १२ kN·m, म्हणजे कपल.

यात दोन जागा धूसर होत्या. पहिली, ६०° चा तो लहानसा चाप. तो तिरप्या बाणापासून बीमपर्यंत काढला होता की बाणाच्या टोकाशी उभ्या काढलेल्या तुटक रेषेपर्यंत, हे कळत नव्हतं, कारण तिथे दोन्ही रेषा एकमेकींच्या अगदी जवळ येत होत्या. दुसरी, कपलचा गोल बाण. त्याच्या उजव्या टोकावर ट्यूबलाइटचा उजेड पडून कागद पांढरा झाला होता, आणि डाव्या टोकाला शाईचा एक जाडसर ठिपका होता. तिने तो ठिपका म्हणजे बाणाचं टोक असं धरलं. कमान बीमच्या वरून गेलेली आणि टोक डावीकडे खाली, म्हणजे कपल घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. ६०° चा कोन तिने उभ्या रेषेपासून धरला. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "बाण लई आडवा दिसतोय सर. बीमशी साठ अंश असता तर जास्त उभा दिसला असता."

तिचा हा युक्तिवाद दिसायला बरोबर आहे, म्हणून थोडं थांबून बघू. बाकावर सपाट ठेवलेल्या वहीचा फोटो बसल्या जागेवरून तिरका काढला की पानावरच्या उभ्या दिशेच्या लांब्या आखूड होतात आणि आडव्या जवळपास तशाच राहतात. कॅमेरा साधारण ४५ अंशांतून बघत असेल तर उभी लांबी सुमारे ०.७ पट दिसते. ६०° च्या रेषेचा चढ १.७३, त्याला ०.७ ने गुणलं की १.२ उरतो, म्हणजे फोटोत ती रेषा ५० अंशांच्या आसपास दिसणार. खरा कोन बीमशी ३०° असता तर फोटोत तो २२ अंशांच्या जवळ आला असता. फोटोतला बाण ४५ ते ५० मध्ये कुठेतरी होता. म्हणजे "आडवा दिसतोय" हे खरं, पण तो जेवढा आडवा दिसत होता तेवढ्याने ६०° बीमशीच असल्याकडे कल जात होता. तरी याला मी पुरावा म्हणणार नाही. आकृती हाताने काढलेली होती, आणि हाताने काढताना कुणी कोनमापक लावत नाही. फोटोवर कोनमापक ठेवून कोन मोजणं तर कधीच करू नये. तिथे काढणाऱ्याचा हात आणि कॅमेऱ्याचा तिरकेपणा या दोन्हींची भेसळ झालेली असते.

तिची मांडणी

तिने जे वाचलं त्यावरून केलेलं काम असं होतं. यूडीएलचा एकूण भार ८ × ३ = २४ किलोन्यूटन, आणि तो स्वतःच्या मध्यावर, A पासून १.५ मीटरवर. तिरप्या भाराचा उभा भाग २० cos ६०° = १०, आडवा भाग २० sin ६०° = १७.३२. A भोवती मोमेंट, घड्याळाच्या दिशेचे एका बाजूला आणि उलट दिशेचे दुसऱ्या बाजूला:

R_B × ६ + १२ = २४ × १.५ + १० × ४

R_B = (३६ + ४० − १२) ÷ ६ = १०.६७

उभ्या बलांची बेरीज २४ + १० = ३४, म्हणून R_A = २३.३३.

मग तिने B भोवती मोमेंट घेऊन ताळा केला. R_A × ६ = २४ × ४.५ + १० × २ + १२ = १४०, म्हणजे पुन्हा २३.३३. जुळलं.

जुळणारच होतं. सपाट आकृतीतल्या बीमसाठी समतोलाची स्वतंत्र समीकरणं तीनच असतात: आडव्या बलांची बेरीज शून्य, उभ्या बलांची बेरीज शून्य, आणि कुठल्याही एका बिंदूभोवती मोमेंटची बेरीज शून्य. इथे अज्ञातही तीनच, R_A, R_B आणि हिंजवरची आडवी रिअ‍ॅक्शन H_A. त्यामुळे भारांचं कुठलंही चित्र घ्या, बरोबर किंवा चूक, त्याला एक आणि एकच उत्तर असतं आणि ते त्या चित्राशी प्रामाणिक असतं. B भोवती घेतलेली मोमेंट हे चौथं स्वतंत्र समीकरण नव्हे; ते पहिल्या तिन्हींतूनच निघतं. गुणाकारात घसरलो असतो तर त्याने पकडलं असतं. कपल उलटा वाचला, तर तो ताळ्यातही उलटाच जातो आणि ताळा खुशाल जुळतो.

म्हणून आता शोध आकृतीत घ्यायचा होता, आणि त्यासाठी हाताशी होते दिलेल्या उत्तराचे दोन आकडे.

उत्तराच्या फरकातून चूक ओळखणं

मी तिला आधी दोन्ही उत्तरांची बेरीज करायला सांगितली. दिलेल्या उत्तराची बेरीज २१.७७ + १९.५५ = ४१.३२. तिच्या उत्तराची ३४. दोन्ही रिअ‍ॅक्शनची बेरीज म्हणजे बीमवरचा एकूण उभा भार. त्यात भार कुठे आहे, कपल कुठल्या दिशेला आहे, यूडीएल कुठून सुरू होतो, यातल्या कशाचाही संबंध येत नाही. म्हणजे बेरीज वेगळी आली असेल तर एखाद्या भाराचा आकडाच वेगळा वाचला गेला आहे. जागा आणि दिशा त्यानंतर बघायच्या.

फरक ७.३२ चा. तिने कागदावर १७.३२ आणि १० हे आकडे आधीच लिहिले होते. थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सतरा बत्तीसमधून दहा गेले की सात बत्तीस." तिरप्या भाराचे sin आणि cos अदलाबदल झाले की उभ्या बेरजेत नेमका एवढाच फरक पडतो. यूडीएल चुकीचा वाचून ७.३२ येतो का, तेही तपासलं. त्यासाठी ८ च्या जागी १०.४४ किंवा ३ मीटरच्या जागी जवळपास ३.९ मीटर असावे लागले असते. असले आकडे वहीच्या गणितात कुणी देत नाही. म्हणजे ६०° बीमशी होता. उभा भाग १७.३२, आडवा १०.

तिने लगेच नव्याने मांडलं:

R_B = (३६ + ६९.२८ − १२) ÷ ६ = १५.५५

R_A = ४१.३२ − १५.५५ = २५.७७

बेरीज आता जुळली, उत्तर अजून जुळलं नव्हतं. पण फरकाचं रूप बदललं होतं. R_B चार किलोन्यूटनने कमी आणि R_A चार किलोन्यूटनने जास्त. जेवढं एकीकडे घटलं तेवढंच दुसरीकडे वाढलं. एकूण भार बरोबर वाचला गेला असला आणि मोमेंटमध्ये मात्र काही चुकलं असलं, की फरक नेहमी असाच येतो. किती चुकलं तेही लगेच काढता येतं. R_B ला ६ मीटरने गुणून मोमेंटच्या समीकरणात घातलं होतं, म्हणून ४ × ६ = २४ किलोन्यूटन-मीटर एवढी मोमेंट कमी पडली.

आता प्रश्न एवढाच, की या आकृतीत २४ ची मोमेंट कुठून हरवू शकते.

इथे मी तिला थांबवून एक वेगळी मांडणी करून दाखवली, कारण तीमुळे असे फरक ओळखणं फार सोपं होतं. प्रत्येक भार एकेकटा बीमवर ठेवायचा आणि त्यातलं किती A कडे जातं, किती B कडे, ते बघायचं. दोघांनी बांबूला अडकवून ओझं नेताना ओझं ज्याच्या जवळ असतं त्याच्या खांद्यावर जास्त भार येतो, तसाच हा हिशेब. यूडीएलचे २४ हे ६ मीटरच्या बीमवर १.५ मीटरला, म्हणजे लांबीच्या पाव अंतरावर आहेत. त्यांचे तीन चतुर्थांश, १८, A कडे जातात आणि ६ B कडे. तिरप्या भाराचे १७.३२ हे ४ मीटरला आहेत. त्यांचे एक तृतीयांश, ५.७७, A कडे आणि दोन तृतीयांश, ११.५५, B कडे. कपलला स्वतःचं वजन नाही, त्यामुळे तो बेरजेत काही भर घालत नाही. एका टोकाची रिअ‍ॅक्शन वाढवतो आणि दुसऱ्याची तेवढीच कमी करतो, इथे १२ ÷ ६ = २ किलोन्यूटनने. घड्याळाच्या दिशेने पिळलं तर उजवं टोक खाली दाबलं जातं आणि डावं वर उचलायला बघतं, म्हणून B वाढतो आणि A घटतो.

कपल घड्याळाच्या दिशेने धरून बेरीज केली. A कडे १८ + ५.७७ − २ = २१.७७. B कडे ६ + ११.५५ + २ = १९.५५. पानाच्या तळाशी पेन्सिलीने लिहिलेलं उत्तर हेच.

कपल उलटा वाचला की आपण २ मिळवण्याऐवजी २ वजा करतो, त्यामुळे फरक दुप्पट, म्हणजे ४ चा येतो. मोमेंटच्या भाषेत १२ च्या दुप्पट, २४. हरवलेली मोमेंट तीच होती.

दुसऱ्या चुका केल्या असत्या तर

याच बीमवर नेहमीच्या बाकीच्या चुका केल्या तर किती फरक पडतो, तेही मी तिच्याकडून काढून घेतलं. कपल साफ विसरला तर फरक फक्त २ चा. यूडीएलचे २४ त्याच्या मध्यावर न ठेवता शेवटी, ३ मीटरवर ठेवले, तर २४ × १.५ = ३६ ची जादा मोमेंट, म्हणजे ६ चा फरक, आणि तो R_B वाढवणारा. हे बऱ्याच मुलांच्या हातून होतं. यूडीएल "३ मीटरवर आहे" असं मनात बसलेलं असतं, आणि तीनचा आकडा थेट समीकरणात जातो.

आणखी एक चूक आहे ती कपलबद्दलच्या गैरसमजातून येते. कपल A पासून ५ मीटरवर आहे म्हणून कुणी १२ × ५ करतो. बिंदूभार अंतराने गुणायची सवय लागलेली असते, ती इथेही चालते असं वाटतं. पण कपल ही आधीच मोमेंट आहे; तिची मात्रा कुठल्याही बिंदूभोवती १२ च राहते. बीमवर ती १ मीटरला असो की ५ मीटरला, रिअ‍ॅक्शन बदलत नाहीत. तिथल्या जागेने फरक पडतो तो पुढे, बेंडिंग मोमेंटचा आलेख काढताना. १२ × ५ केलं तर ४८ ची जादा मोमेंट येते आणि R_B ८ ने वाढून २७.५५ होतो. ही चूक उत्तराशी न ताडताही पकडता येते. बाकीच्या पदांचं एकक किलोन्यूटन-मीटर आणि या एकाच पदाचं किलोन्यूटन-मीटर-वर्ग होतं. समीकरण लिहिताना निदान एकदा एककांसकट लिहावं, असा माझा आग्रह असतो तो यासाठी.

दोन, चार, सहा, आठ हे आकडे असे सुटसुटीत आले ते या बीमच्या मापांमुळे. दुसऱ्या बीमला ते वेगळे येतील. रीत मात्र तीच राहते: बेरीज वेगळी असेल तर भार तपासायचे, बेरीज सारखी असून दोन्ही रिअ‍ॅक्शन उलटसुलट सरकल्या असतील तर तो फरक आधारांमधल्या अंतराने गुणायचा आणि तेवढी मोमेंट आकृतीत कुठे सापडते ते बघायचं.

तिला एक शंका आली आणि ती रास्त होती. "पण सर, तिरपा भार जरा सरकून धरला असता तरी २४ ची मोमेंट बदलली असतीच की." हो. १७.३२ चा भार सुमारे १.४ मीटर उजवीकडे सरकवला तर तेवढाच फरक पडतो. यूडीएल पूर्ण १ मीटर उजवीकडे सरकवला, तर २४ × १ = २४, नेमका तोच. हा दुसरा पर्याय तर आकड्यांनी कपलइतकाच चोख बसतो. म्हणून फरकाचा आकडा एकट्याने निर्णय देत नाही, तो संशयितांची यादी लहान करतो. यूडीएल सरकलेला नाही हे फोटोतूनच ठरलं: त्याच्या बाणांची रांग A च्या त्रिकोणावर सुरू होत होती आणि मापाच्या साखळीतली पहिली खूण, ३ मीटरची, रांगेच्या शेवटाखाली होती. तिथे धूसर काही नव्हतं. धूसर होता तो कपलचा बाण.

दोन चुका एकत्र असल्या की आणखी जपावं लागतं. तिच्या पहिल्या उत्तरात त्या दोन्ही होत्याच. R_B चा मूळ फरक १९.५५ − १०.६७ = ८.८८ होता, आणि त्या एका आकड्याकडे कितीही वेळ बघितलं असतं तरी काही कळलं नसतं. आधी बेरजेतला फरक वेगळा काढून भार दुरुस्त केला, म्हणून मागे फक्त मोमेंटचा फरक उरला.

दिलेलं उत्तर बरोबर कशावरून

दिलेलं उत्तरच चुकलं असेल, हा तिचा पहिला संशय मी उडवून लावला नव्हता. वहीत उत्तर उतरवताना आकडे चुकतात, फळ्यावरही चुकतात. पण चुकीचं उत्तर आकृतीच्या एखाद्या साध्या वाचनाशी दशांशाच्या दुसऱ्या स्थळापर्यंत, आणि तेही दोन्ही आकड्यांत, सहसा जुळत नाही. इथे दोन धूसर जागा होत्या, प्रत्येकीची दोन वाचनं, म्हणजे सगळी मिळून चार शक्यता. त्यातली एकच २१.७७ आणि १९.५५ देते. कोन उभ्या रेषेपासून आणि कपल घड्याळाच्या दिशेने धरला तर R_B १४.६७ येतो आणि R_A १९.३३, तेही जुळत नाही.

उत्तर दिलेलं नसतं तर मात्र हा मार्गच नव्हता. तेव्हा मूळ आकृती पुन्हा मागवायची, आणि ती मिळत नसेल तर गणिताच्या सुरुवातीला स्वच्छ लिहायचं: "कोन बीमशी ६०°, कपल घड्याळाच्या दिशेने, असं आकृतीवरून धरलं आहे." ही ओळ लिहिलेली असली की तपासणाऱ्याला मांडणी आणि वाचन वेगळं करून बघता येतं. परीक्षेत ती लिहिली म्हणून कुणी गुण कापत नाही.

उत्तराने न ठरणारी एक गोष्ट

एवढं झाल्यावर ती वही मिटायला निघाली. पण H_A अजून राहिली होती, आणि पानाच्या तळाशी तिचा आकडा नव्हता.

तिरप्या भाराचा आडवा भाग २० cos ६०° = १० किलोन्यूटन. B चा रोलर आडवं बल घेत नाही, तो फक्त उभं बल देतो. म्हणून हे सगळे १० हिंजने, म्हणजे A ने घ्यायचे. या आडव्या भागाची मोमेंट आपण कुठेच धरली नाही, कारण तो बीमच्या अक्षावरूनच जातो आणि A आणि B हे दोन्ही त्याच रेषेवर आहेत. भार बीमवर बसवलेल्या एखाद्या ब्रॅकेटच्या टोकाला, वर उंचावर लागला असता, तर या १० किलोन्यूटनला त्या उंचीने गुणून मोमेंटही आली असती आणि R_A, R_B दोन्ही बदलले असते. तिरपा भार नसता तर H_A शून्य आली असती, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. पंचगंगेवरचा जुना शिवाजी पूल दगडी कमानींचा आहे. तिथे सरळ खाली येणाऱ्या वजनाचाही कमानीच्या पायाशी आडवा रेटा बसतो. एका टोकाला हिंज आणि दुसऱ्याला रोलर असलेल्या सरळ बीममध्ये उभे भार आडवी रिअ‍ॅक्शन निर्माण करत नाहीत.

आता दिशा. बाण डावीकडे झुकलेला म्हणजे भार बीमला डावीकडे ढकलतो, आणि H_A उजवीकडे. तो उजवीकडे झुकलेला असता तर H_A डावीकडे गेली असती, पण R_A आणि R_B तसेच्या तसेच राहिले असते. म्हणजे ही दिशा दिलेल्या उत्तरावरून शोधता येणार नाही. ती फक्त आकृतीतूनच मिळेल. पान उलटं धरून फोटो काढला गेला असेल तर तो फिरवून सरळ करता येतो, आणि फिरवल्याने घड्याळाची दिशा बदलत नाही. फोटो आरशातल्यासारखा उलटा असेल तर कपलची दिशा आणि बाणाचा झुकाव दोन्ही फिरतात. तेव्हा अक्षरंही उलटी दिसतात, म्हणून ते लगेच लक्षात येतं. आपल्या फोटोतली अक्षरं सरळ होती.

तरी खात्रीसाठी तिने वर्गमित्राला मेसेज केला: वही जमिनीवर ठेव, वर उभा राहून सरळ खाली बघून फोटो काढ, आणि दिवा मागून येऊ दे. अर्ध्या तासात फोटो आला. कोनाचा चाप बाणापासून बीमपर्यंत होता. उभी तुटक रेषा ४ मीटरच्या मापाची वर ओढलेली खूण निघाली, कोनाशी तिचा काही संबंध नव्हता. कपलच्या उजव्या टोकाला बाणाचं नीट काढलेलं टोक होतं, खाली वळलेलं. डावीकडचा तो जाड ठिपका म्हणजे जेल पेन टेकवल्यावर पडलेला शाईचा थेंब. तिरपा बाण डावीकडेच झुकलेला होता.

मग तिने नव्या पानावर फ्री बॉडी डायग्राम काढला. आधार पुसून त्यांच्या जागी बाण दिले: A ला वर R_A आणि उजवीकडे H_A, B ला वर R_B. यूडीएलच्या जागी १.५ मीटरवर २४, चार मीटरवर खाली १७.३२ आणि डावीकडे १०, पाचवर घड्याळाच्या दिशेने १२.

A भोवती मोमेंट: R_B × ६ = ३६ + ६९.२८ + १२ = ११७.२८, म्हणून R_B = १९.५५ किलोन्यूटन, वर.

उभी बलं: R_A = ४१.३२ − १९.५५ = २१.७७ किलोन्यूटन, वर.

आडवी बलं: H_A = १० किलोन्यूटन, उजवीकडे.

ताळा B भोवती: २१.७७ × ६ = १३०.६२, आणि दुसऱ्या बाजूला १०८ + ३४.६४ − १२ = १३०.६४. दोन शतांशांचा फरक R_A दोन दशांशांत लिहिल्यामुळे आला आहे. A वरची एकत्रित रिअ‍ॅक्शन २१.७७ आणि १० यांच्या वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाएवढी, २३.९६ किलोन्यूटन, बीमशी सुमारे ६५.३° च्या कोनात, वर आणि उजवीकडे.